कोंबडीच्या वेषातला पेंग्विन

इंग्लंडमधल्या एका छोट्या शहरात एका फरार कोंबडीला पकडण्यासाठी पत्रकं लागली आहेत. पत्रकावर तिचं चित्र आहे. डोक्यावर लालभडक तुरा, काळी पाठ, पांढरं पोट. नीट बघितलं की कळतं, हा तुरा म्हणजे भांडी घासताना घालतात तो रबरी हातमोजा आहे, आणि त्याच्या खाली चक्क एक पेंग्विन आहे. पण तिथल्या माणसांना हे कळत नाही. ज्याच्या घरात तो पेंग्विन भाडेकरू म्हणून राहतोय त्या वॉलेसलाही कळत नाही. शेवटी पेंग्विन स्वतः डोक्यावरचा मोजा काढतो, तेव्हा कुठे वॉलेस थक्क होऊन त्याला ओळखतो.

'द राँग ट्राउझर्स' या 1993च्या ब्रिटिश लघुपटातला हा विनोद आहे. दिग्दर्शक निक पार्क आणि ब्रिस्टलचा आर्डमन हा स्टुडिओ. पात्रं मातीची, म्हणजे प्लास्टिसिन नावाच्या मऊ मातीची. एकेक चौकट टिपत, दर वेळी पात्राला किंचित हलवत हा सगळा पट तयार झाला. विनोदाची खरी मौज अशी की पडद्यावरची माणसं फसत असताना आपण मात्र क्षणभरही फसत नाही. तो फेदर्स मॅकग्रॉ आहे हे आपल्याला मोज्यासकट कळतं. ते कशावरून?

या प्रश्नाच्या मागे लागलं की एक विलक्षण गोष्ट हाती येते. मातीच्या पात्राची ओळख पटवणारी जवळजवळ प्रत्येक खूण, मग ती कातडीवरची असो, कपड्यांतली असो की भिंतीच्या कागदावरची, कार्यशाळेतल्या कुठल्या तरी अडचणीवर काढलेला तोडगा म्हणून जन्माला आलेली असते. माती काय करू देत नाही हे ठाऊक असलं की पात्र कुठलं, कुणाचं, आणि खरोखर मातीचं आहे का, हे एका स्थिरचित्रावरूनही सांगता येतं.

आधी कातडी बघा

सुरुवात मातीपासूनच करू. गणपतीच्या मूर्तीची शाडू आपल्या ओळखीची. तिच्यातलं पाणी उडालं की ती घट्ट होते, आणि घाई केली तर तडकते. मूर्तीला ते चालतं, कारण मूर्तीला पुन्हा हलायचं नसतं. इथे मात्र पात्राला महिनोन्‌महिने हलायचं असतं. त्यासाठी लागते न वाळणारी माती. इंग्लंडमधल्या बाथ शहरातले कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनी 1897मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी अशी माती बनवली आणि तिला प्लास्टिसिन हे नाव दिलं. तिच्यात पाणी नसतं. खडूसारखी खनिज पूड, पेट्रोलियम जेली आणि स्निग्ध आम्लं यांचं ते मिश्रण. त्यामुळे ती वर्षानुवर्षं मऊ राहते.

मऊपणाची किंमतही मोजावी लागते. सिनेमात सेकंदाला 24 चौकटी असतात. बहुतेक वेळा एक ठेवण दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला 12 ठेवणी. प्रत्येक ठेवणीसाठी ॲनिमेटरची बोटं त्या वीतभर बाहुल्याला लागतात. गाल किंचित दाबला, भुवई केसभर वर सरकवली, कोपर वळवलं. मातीवर बोट टेकलं की ठसा उमटतो. तो पुसायचा तर पुन्हा बोटच लागतं. सगळे ठसे दर वेळी घासूनपुसून काढले तरी पृष्ठभाग आधीच्या चौकटीसारखा हुबेहूब होत नाही तो नाहीच.

म्हणून मातीच्या पात्राची पहिली खूण कातडीवर असते. वॉलेसच्या टकलावर किंवा त्याच्या कुत्र्याच्या, ग्रॉमिटच्या कपाळावर प्रकाश तिरका पडला की बोटांच्या रेषा स्पष्ट दिसतात. चित्र थांबवून एक-एक चौकट पुढे न्या. कालच्या जागी आजचा ठसा नसतो. पात्र स्तब्ध उभं असलं तरी त्याची कातडी हलकीशी सळसळत राहते. हात लावलेला भाग सळसळतो, न लावलेला गप्प असतो. थोडं लक्ष दिलं की कुठल्या चौकटीत ॲनिमेटरने काय हलवलं तेही वाचता येतं. आर्डमनने हे ठसे लपवण्याचा हट्ट धरला नाही, आणि आता तीच त्यांच्या कामाची मुद्रा होऊन बसली आहे.

दुसरी खूण रंगांच्या सीमेवर सापडते. प्लास्टिसिनवर रंग दिलेला नसतो, मातीच रंगीत असते. काळ्या मातीला लागलेलं बोट तसंच पांढऱ्या मातीला लागलं तर राखाडी डाग पडतो आणि तो सहजी निघत नाही. ॲनिमेटर रंग बदलताना हात पुसतात, हाताशी ओल्या पुसण्या ठेवतात, तरी एखादा तंतू, धुळीचा एखादा कण मातीत रुततोच. काळ्या-पांढऱ्या पात्राच्या बाबतीत ही सीमारेषा जपणं म्हणजे सत्त्वपरीक्षा. फेदर्सच्या पोटाभोवतीची कड इतकी स्वच्छ दिसते, त्यामागे किती वेळा धुतलेले हात असतील!

आतला सांगाडा, बाहेरचे मोठे पाय

माती स्वतःच्या वजनाने बसते, आणि दिव्यांच्या उष्णतेने आणखी मऊ होते. म्हणून पात्राच्या पोटात तारांचा किंवा गोळी-खोबणीच्या सांध्यांचा धातूचा सांगाडा असतो. तरीही बारीक मनगटं आणि नाजूक घोटे मातीला परवडत नाहीत. तार बाहेर डोकावते, माती तिथे चिरते. वॉलेसचे हात जाड, बोटं सॉसेजसारखी आणि पाय भलेमोठे, हे गमतीसाठी आहेच, पण गरजेपोटीही आहे. एका पायावर झुकलेलं पात्र रात्रभर तसंच राहायला हवं. त्यासाठी तळव्याला खालून स्क्रू किंवा लोहचुंबक लावून ते जमिनीला घट्ट करतात. एवढी यंत्रणा मावायची तर पाऊल मोठंच हवं.

ही गरज आर्डमनच्या आधीपासूनची. अमेरिकेत आर्ट क्लोकी यांनी 1950च्या दशकात गम्बी नावाचा हिरवा मातीचा मुलगा बनवला. चपटा देह, एका बाजूला कललेलं डोकं आणि खाली रुंद होत गेलेले पाय. रुंद पाय कशासाठी, तर तो पडू नये म्हणून. डोक्याचा तो तिरका उंचवटा मात्र क्लोकींच्या वडिलांच्या जुन्या छायाचित्रातल्या केसांच्या झुबक्यावरून आला. एका बाह्यरेषेत एक अडचण आणि एक आठवण, आणि नुसत्या सावलीवरूनही गम्बी ओळखता येतो.

तोंड असलेला आणि नसलेला

चेहऱ्याकडे वळलं की आर्डमनचा हात आणखी ओळखू येतो. वॉलेसचं तोंड बोलताना कानापर्यंत आडवं पसरतं. हे आलं त्याला आवाज देणारे अभिनेते पीटर सॅलिस यांच्यामुळे. 'चीज' हा शब्द ते असा ताणून उच्चारत की त्या उच्चाराला शोभेल एवढं रुंद तोंड पार्क यांना करावं लागलं. 'अ ग्रँड डे आउट' या 1989च्या पहिल्या लघुपटातला वॉलेस बघा आणि 1993चा बघा. पहिल्यात चेहरा अरुंद आहे, पुढे गाल दोन्ही बाजूंनी वाढत गेले आहेत. चित्र कोणत्या काळातलं हे नुसत्या गालांवरूनही अदमासाने सांगता येतं.

बोलताना दर चौकटीला तोंड नव्याने घडवणं अशक्य, म्हणून निरनिराळ्या उच्चारांची तोंडं आधीच करून ठेवतात. 'ओ'चं वेगळं, 'ई'चं वेगळं. लागेल ते चेहऱ्यावर बसवायचं आणि सांधा बोटाने लिंपून टाकायचा. ओठांच्या भोवतीची माती बाकीच्या गालापेक्षा जास्त लिंपलेली दिसते ती यामुळे. डोळे म्हणजे छोटे मणी, एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. बाहुलीच्या मध्यभागी बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून डोळा फिरवतात, म्हणजे आजूबाजूच्या मातीला धक्का लागत नाही.

ग्रॉमिटला तर तोंडच नाही. सुरुवातीला त्याला बोलतं करायचा पार्क यांचा विचार होता. पण पहिल्याच चित्रीकरणात वॉलेस करवतीने दार कापतोय आणि दाराखाली टेकू म्हणून बिचारा ग्रॉमिट उभा, असं दृश्य होतं. दाराखाली अडकलेल्या त्या बाहुल्याच्या अंगाला हात पोचेना. सहज हलवता येत होती ती भुवई, कान आणि डोळे. पार्क यांनी भुवई जरा वर उचलली, आणि वैताग, कंटाळा, मालकाविषयीची काळजी, सगळं काही त्या एका मातीच्या पट्टीतून उमटलं. तोंडाची गरज संपली. आज तोंड नसलेला, जाड भुवईचा, लोंबत्या कानांचा पिवळसर तपकिरी कुत्रा दिसला की दुसरं काही बघावं लागत नाही.

कपडे: रंगांचे मोठे ठोकळे

वॉलेसचा पोशाख पाठ करायला सोपा. पांढरा सदरा, लाल टाय, त्यावर हिरवा बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर, तपकिरी पँट, पायात घरात घालायच्या तपकिरी सपाता. इंग्लंडच्या उत्तरेतला, लँकेशायर भागातला, थोडा जुन्या वळणाचा मध्यमवयीन माणूस असाच दिसावा. पार्क स्वतः त्याच भागातल्या प्रेस्टनचे. पण माती या यादीत आपलंही म्हणणं मांडते. बारीक चौकडी, फुलाफुलांचा सदरा, लोंबते पदर असले कपडे मातीत टिकत नाहीत, एका स्पर्शात विसकटतात. मोठे, एकरंगी, स्पष्ट सीमेचे भागच परवडतात. म्हणून मातीचं पात्र लांबूनही झेंड्यासारखं रंगांवरून ओळखू येतं, आणि म्हणून ते सहसा कपडे बदलत नाही.

कपड्यांनी अडचण अक्षरशः झाकल्याचं उत्तम उदाहरण 'चिकन रन' या 2000च्या चित्रपटात आहे. तिथे नायिका जिंजर आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी कोंबड्याच आहेत. एवढ्या कोंबड्यांची पिसं दर चौकटीला मातीत जपायची म्हणजे वेड लागायची पाळी. म्हणून धडं सिलिकॉनची ओतली आणि बोलके चेहरे प्लास्टिसिनचे ठेवले. मग दोन पदार्थ जिथे भेटतात त्या मानेचं काय? जिंजरच्या गळ्यात रुमाल आला, इतरांच्या गळ्यात माळा आणि गळपट्टे आले. प्रेक्षकांना वाटतं ती कोंबड्यांची हौस आहे. खरं तर तो सांधा लपवलेला आहे. आता या चित्रपटातलं कुठलंही चित्र काढून बघा. गळ्याच्या वर ठशांची सळसळती कातडी, गळ्याच्या खाली एकसारख्या साच्यातली पिसं. एकाच अंगावर दोन प्रकारची कातडी दिसली की मध्ये काही तरी दडवलेलं आहे असं समजावं.

घर आणि घरातल्या वस्तू

आता पात्र चित्रातून काढून टाकलं, आणि नुसती रिकामी खोली उरली असं समजा. तरीही वॉलेसचं घर ओळखता येतं. पत्ता 62, वेस्ट वॉलबी स्ट्रीट. विटांच्या एकसारख्या चाळवजा घरांची रांग, आत ठळक नक्षीचा भिंतीचा कागद, भारी लाकडी फर्निचर, चहाची किटली, टोस्ट आणि क्रॅकर बिस्किटं. आणि या सगळ्या जुनाट घरात मध्येच लिव्हर, दातेरी चाकं, कप्प्या. 'द राँग ट्राउझर्स'मध्ये सकाळी वॉलेसचा पलंग तिरपा होतो, तो जमिनीतल्या भोकातून खाली घसरत थेट पँटमध्ये उतरतो, टेबलाशी बसतो आणि टोस्टवर जॅमचा गोळा यंत्रातून भिरकावला जातो. साधं काम अवाढव्य यंत्राने करायचं, हा त्या घराचा स्वभाव. रिकाम्या स्वयंपाकघरात जॅम उडवणारी तोफ दिसली तर मालकाचं नाव विचारायला नको.

चीज ही तर वॉलेसची वस्तूच. त्यातही वेन्स्लीडेल. ते यॉर्कशायरचं चीज. पण पार्क यांनी ते त्याच्या मुलखासाठी निवडलं नव्हतं. या शब्दाचा उच्चार करताना वॉलेसच्या तोंडाचे आकार बघायला मजेदार होतील, एवढाच हिशोब होता. म्हणजे टेबलावरची वस्तूसुद्धा पुन्हा मातीच्या ओठांपाशी येऊन पोचते.

ग्रॉमिटच्या वस्तू वेगळ्या. वर्तमानपत्र, विणकामाच्या सुया, जाडजूड पुस्तकं. पहिल्या लघुपटात तो 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर डॉग्ज' वाचत असतो. जो बोलत नाही त्याच्याबद्दल वस्तूंनी बोलायचं असतं. मालकाचा उद्योग यंत्रातून दिसतो, कुत्र्याची बुद्धी त्याच्या वाचनातून.

वस्तूंकडे बघताना आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे माप. पात्र वीतभर उंचीचं, म्हणून त्याचा चहाचा कप अंगठ्याच्या पेरापेक्षाही लहान. अशा मापात कापडाची वीण, लाकडाच्या रेषा आणि लोकरीचा धागा प्रमाणाबाहेर जाड दिसतात. पडद्यावर एक-एक तंतू दोरखंडासारखा भासतो. माती आणि खरं कापड शेजारी ठेवल्यावर ही विसंगती झाकता येत नाही, आणि बघणाऱ्याला ती हवीहवीशी वाटते.

दोन पेंग्विन, एक चित्र

आता हे सगळं एका प्रत्यक्ष उदाहरणावर लावून बघू. समजा, कडेने कापलेलं एक चित्र समोर आलं. त्यात मातीचा काळा-पांढरा पेंग्विन आहे, बाकी काही नाही. जगात दोन मातीचे पेंग्विन अतिशय प्रसिद्ध आहेत. एक फेदर्स मॅकग्रॉ. दुसरा पिंगू, स्वित्झर्लंडमध्ये ऑटमार गुटमन यांनी घडवलेला, ज्याची मालिका 1990मध्ये सुरू झाली. दोघांनाही माणसासारखं बोलता येत नाही. चित्रातला कोणता?

आधी डोळे. पिंगूचे डोळे पांढरे गोल, त्यात काळी बाहुली. कुठे बघतोय, काय खोडी काढणार, सगळं कळतं. फेदर्सचे डोळे म्हणजे दोन बारीक काळे मणी, काळ्या डोक्यात बसवलेले. प्रकाशाचा एक ठिपका चमकतो म्हणूनच ते दिसतात. नजर कुठे आहे ते कळत नाही, आणि त्याची भीती तिथूनच सुरू होते.

मग चोच. पिंगूची चोच लवचिक. रागावला की ती पुढे कर्ण्यासारखी ताणली जाते आणि त्याची ती सुप्रसिद्ध 'नूट नूट' आरोळी निघते. चित्र त्या क्षणाचं असेल तर वाद संपला. फेदर्सची चोच उघडत नाही, आकार बदलत नाही.

मग देह. पिंगूच्या निर्मात्यांनी मातीचा लवचिकपणा पुरेपूर वापरला. तो चेपतो, लांबतो, बर्फावर पोटावर घसरताना गोळा होतो. फेदर्सच्या बाबतीत याच्या बरोबर उलट केलं. त्याचा आकार बाटलीसारखा, आणि तो जवळजवळ हलतच नाही. 'द राँग ट्राउझर्स'मध्ये त्याला हलवण्याचं काम स्टीव्ह बॉक्स या ॲनिमेटरने केलं. मान हळूच वळते, पापणी मिटते, बस्स. जी माती काहीही होऊ शकते तिला काहीच होऊ दिलं नाही, आणि त्यातून सिनेमातला एक थंड रक्ताचा गुन्हेगार उभा राहिला. चित्रात अंग ताणलेलं किंवा चेपलेलं असेल तर तो फेदर्स नव्हे, असं बेलाशक म्हणावं.

एवढ्यावरही शंका उरली तर कोपऱ्यात पार्श्वभूमीचा जो तुकडा शिल्लक असेल तो बघा. पांढरं, निळसर, गुळगुळीत बर्फ, इग्लूची गोल कड, घसरगाडी, शेजारी रॉबी नावाचा सील, तर ते पिंगूचं जग. तिथे पेंग्विन आपल्याच घरी, आईवडिलांसोबत आहे. भिंतीचा कागद, जिना, संग्रहालयातला हिरा, छोटी आगगाडी दिसली तर फेदर्स. हा पेंग्विन जिथे दिसतो तिथे तो परका असतो. भाडेकरू, चोर किंवा प्राणिसंग्रहालयातला कैदी. पार्श्वभूमीचा वीतभर तुकडा पात्राचं अर्धं चरित्र सांगून जातो.

जिथे खुणा दगा देतात

या खुणांचाही भरवसा सारखा नसतो. सर्वांत आधी फसवतो तो पोशाख, आणि तो रबरी मोजा हेच तर सांगत असतो. मोजा, टाय, गळ्यातला रुमाल कुणालाही चढवता येतो. हिरवा स्वेटर आणि लाल टाय घातलेले वॉलेसचे नकली अवतार बाजारात कमी नाहीत.

मातीचा पोतही हल्ली नक्कल करता येतो. 'फ्लश्ड अवे' हा 2006चा आर्डमनचाच चित्रपट, ड्रीमवर्क्सबरोबर केलेला. रुंद तोंडं, जवळजवळ असलेले डोळे, सगळं आर्डमनचं. पण तो संगणकावर तयार झाला आहे. गोष्ट गटारातली, जिकडेतिकडे पाणी, आणि खऱ्या पाण्याने प्लास्टिसिनच्या बाहुल्यांची वाट लावली असती. म्हणून पात्रं संगणकात घडवली, पण ती मातीची वाटावीत अशी. पिंगूचंही असंच झालं. 2017च्या जपानी मालिकेत तो शहरात आला तो संगणकावरचा होऊन.

अशा वेळी स्थिरचित्र सोडून चार-पाच चौकटी ओळीने बघाव्यात. खऱ्या मातीत ठसे जागा बदलतात, ते हात लागलेल्या ठिकाणीच बदलतात, आणि एखाद्या चौकटीत टायचा कोपरा अपघाताने चेपलेला असतो. संगणकावर ठसा रंगवला तर तो पात्राच्या अंगाला चिकटून त्याच्याबरोबर फिरतो. सिलिकॉनमध्ये तर काहीच सळसळत नाही, आणि नीट शोधलं तर बगलेत किंवा कुशीत साच्याच्या जोडाची बारीक रेष सापडते. भरभर वाहणारं पाणी, उडणारे केस, पारदर्शक धूर यांच्याशी मातीचं वैर आहे. एखाद्या चित्रात ही सगळी सहज खेळत असतील, तर ते दृश्य निव्वळ मातीतून आलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

आणि आर्डमनचं म्हणून जे दिसतं ते मातीच्या सगळ्याच पात्रांचं असतं असं नाही. मुंबईत सुरेश एरियट यांनी त्यांच्या स्टुडिओत केलेला 'टोकरी' हा लघुपट मातीचाच. 2017च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटांपैकी एक ठरला. एका मुलीच्या हातून वडिलांचं घड्याळ बिघडतं, आणि ते दुरुस्त करायला पैसे हवेत म्हणून ती टोपल्या विकायला निघते. तिथे जॅमची तोफ नाही की रुंद जबडा नाही. पात्राची ओळख तिच्या हातातल्या टोपलीने आणि वडिलांच्या घड्याळाने होते. पदार्थ तोच, पण घर बदललं की वस्तू बदलतात, आणि वस्तू बदलल्या की माणसं बदलतात.

मग शेवटी भरवसा ठेवायचा कशावर? पोशाखावर सर्वांत कमी. पोतावर त्याहून जास्त, पण तो चालत्या चित्रात तपासून. जागा आणि वस्तूंवर आणखी जास्त, कारण एक चीज उचलून दुसरीकडे ठेवता येतं, पण अख्खं घर आपल्या स्वभावासकट उचलणं कठीण. आणि सगळ्यांत जास्त वागण्यावर, म्हणजे माती कशी हलते आणि कशी हलत नाही यावर. 2024च्या नाताळात 'व्हेंजन्स मोस्ट फाउल' या चित्रपटात फेदर्स 31 वर्षांनी परत आला. मधल्या काळात प्रेक्षकांची एक पिढी मोठी झाली, कॅमेरे बदलले, वॉलेसचा आवाजही बदलला, कारण सॅलिस 2017मध्ये गेले. फेदर्स मात्र पूर्वीइतकाच निश्चल होता, आणि ज्यांनी त्याला आधी पाहिलं होतं त्यांना त्याची ओळख कुणी करून द्यावी लागली नाही. हातमोजा चढवून गावाला फसवणाऱ्याला हे एक वेषांतर कधीच जमलेलं नाही. तो दुसऱ्या कुणासारखा हलू शकत नाही.